गप्प सेन्सरचा अर्थ

जर्मनीत मोटारीच्या परवान्याची लेखी परीक्षा ३० प्रश्नांची असते. प्रत्येक प्रश्नाला त्याच्या गांभीर्याप्रमाणे २ ते ५ गुण ठरलेले असतात. हे गुण कमवायचे नसतात. प्रश्न चुकला की ते दोषगुण म्हणून खात्यावर चढतात. १० दोषगुणांपर्यंत माफी आहे, पण ५ गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज १० च असली तरी उमेदवार नापास होतो. शिवाय दिलेल्या पर्यायांपैकी एकच बरोबर असेल असं नाही. दोन असू शकतात, सगळेही असू शकतात, आणि त्यातला एक राहून गेला तरी अख्खा प्रश्न चुकलेला धरतात. अर्धवट उत्तराला अर्धे गुण नाहीत.

या प्रश्नांमध्ये आता गाडीतल्या मदतनीस यंत्रणांनाही जागा मिळाली आहे. मागे घेताना पीप-पीप करणारे पार्किंग सेन्सर, पट्टा ओलांडला की सावध करणारी लेनची सूचना, वेग धरून ठेवणारा क्रूझ कंट्रोल, या सगळ्यांवर प्रश्न येतात. त्याला कारण आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमानुसार ७ जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत मागचा अडथळा ओळखण्याची सोय, लेन सुटू लागल्यास गाडी सावरणारी यंत्रणा आणि आपोआप लागणारा आणीबाणीचा ब्रेक सक्तीचा झाला. एकेकाळी महागड्या गाडीची चैन असलेली ही साधनं नवशिक्याच्या पहिल्याच गाडीत येऊन बसली.

पुण्याहून श्टुटगार्ट किंवा म्युनिकला नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाचीही या परीक्षेशी गाठ पडते. भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यापासून सहा महिने चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी परीक्षा जर्मनखेरीज बारा भाषांत देता येते. त्यात इंग्रजी आहे, भारतातली भाषा एकही नाही. वर्षानुवर्षं गाडी चालवलेला माणूस उजव्या बाजूने चालण्याचे आणि प्राधान्याचे नियम घोकून जातो आणि नेमका यंत्रणांच्या प्रश्नांवर अडतो, कारण तिथे नियम विचारलेला नसतो. यंत्राला कुठवर कळतं आणि कुठून पुढे कळत नाही, हे विचारलेलं असतं.

पार्किंग सेन्सरपासून सुरुवात केलेली बरी, कारण पुढच्या सगळ्या प्रश्नांची मेख इथेच सापडते. बंपरवर रुपयाच्या नाण्याएवढ्या गोल चकत्या दिसतात, ते हे सेन्सर. प्रत्येक चकती माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या उंच स्वराचा छोटासा ठोका सोडते आणि प्रतिध्वनीची वाट पाहते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. भिंत एक मीटरवर असेल तर ठोका जाऊन परत यायला जेमतेम सहा सहस्रांश सेकंद लागतात. या वेळेवरून अंतर निघतं आणि अंतर घटेल तशी पीप-पीप जलद होत जाते. अडथळा साधारण ३० सेंटिमीटरवर आला की आवाज सलग होतो. त्याहूनही जवळ गेल्यावर मात्र सेन्सरला नीट मोजता येत नाही. स्वतःच सोडलेल्या ठोक्याची थरथर थांबायच्या आत प्रतिध्वनी येऊन धडकतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात.

थोडक्यात, सेन्सरला वस्तू दिसत नाही, तिच्यावरून परत आलेला आवाज तेवढा कळतो. ज्या वस्तूवरून आवाज परत येत नाही ती सेन्सरच्या लेखी नसतेच. बारीक लोखंडी खांब आवाज फार थोडा परतवतो. तिरका पृष्ठभाग तो भलतीकडेच पाठवतो. जाड लोकरी कोट घातलेलं लहान मूल आवाजाचा मोठा भाग शोषून घेतं. मालट्रकचा हौदा मागे बाहेर आलेला असेल तर सेन्सर त्याखालून पार जाऊन चाकांपर्यंतचं अंतर मोजतो, आणि आवाज अजून सावकाश येत असताना हौद्याची कड मागच्या काचेला भिडते. बंपरवर चिखल किंवा बर्फ बसला, जवळच एखाद्या ट्रकच्या हवेच्या ब्रेकचा फुस्कारा निघाला, तरी मापन बिघडतं. मग आवाज उगाच वाजतो किंवा वाजायचा तेव्हा वाजत नाही.

यातला सगळ्यात फसवा प्रकार बुटक्या अडथळ्याचा. समजा, मागे गुडघ्याच्याही खाली येणारा दगडी कट्टा आहे. गाडी दीड मीटरवर असताना सेन्सरच्या पसरट झोतात कट्ट्याची वरची कड सापडते आणि पीप सुरू होते. चालक मागे येत राहतो, पीप जलद होते. झोत मात्र बंपरच्या उंचीवरून निघतो आणि हळूहळू पसरत जातो. गाडी कट्ट्याच्या अगदी जवळ आली की कट्टा झोताच्या खाली जातो आणि आवाज अचानक थांबतो. चालकाला वाटतं की अडथळा टळला. खरं तर तो आता चार बोटांवर असतो. आवाज वाढत असताना एकाएकी बंद पडला तर गाडी तिथेच थांबवायची आणि उतरून पाहायचं, हा इथला साधा उपाय. प्रश्नपत्रिकेत ‘आवाज थांबल्यास मागे कोणताही अडथळा नाही’ असा पर्याय समोर आला, तर त्यावर खूण करण्यापूर्वी हा कट्टा आठवावा.

दुसरी गोष्ट वेगाची. मागच्या सेन्सरची पोच मधल्या भागात साधारण दीड मीटर आणि कोपऱ्यांवर त्याहून बरीच कमी असते. ताशी ५ किलोमीटर म्हणजे रमतगमत चालण्याचा वेग. या वेगानेही गाडी सेकंदाला १.४ मीटर मागे सरकते. पहिली पीप ऐकून ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरला तर जवळजवळ सगळं अंतर त्यातच संपलं. म्हणजे हे साधन चालण्याच्या वेगाहून हळू मागे येणाऱ्यालाच उपयोगी पडतं. जर्मन वाहतूक नियमावलीही इथे कडक आहे. गाडी मागे घेताना इतरांना धोका होण्याची शक्यताच उरता कामा नये, आणि गरज पडल्यास बाहेर उभ्या माणसाकडून हाताने दिशा दाखवून घ्यावी, असं तिच्या नवव्या कलमात आहे. सेन्सर असला म्हणून यातून सूट मिळत नाही. त्यामुळे ‘सेन्सर असतानाही स्वतः सभोवार पाहावं’ आणि ‘शंका असल्यास कोणाची तरी मदत घ्यावी’ हे दोन्ही पर्याय एकत्र आले तर दोन्हींवर खूण करायची असते. एकावर समाधान मानणारे इथेच गुण घालवतात.

लेनच्या सूचनेचं काम वेगळ्या इंद्रियावर चालतं. पुढच्या काचेमागे, आरशाच्या पाठीशी एक कॅमेरा असतो. तो रस्त्यावरचे पांढरे पट्टे हुडकतो आणि गाडी त्यांच्या मानाने कुठे आहे हे सतत ताडून पाहतो. इंडिकेटर न देता चाक पट्ट्यावर जाऊ लागलं की स्टिअरिंग थरथरतं, आवाज होतो किंवा दिवा लागतो. साध्या प्रकारात एवढंच. पुढच्या प्रकारात गाडी स्टिअरिंगला हलकी ओढ देऊन स्वतःला लेनमध्ये परत आणते. बहुतेक गाड्यांत ही यंत्रणा ताशी ६०-६५ किलोमीटरच्या वर जागी होते. शहरातल्या वेगाला ती झोपलेलीच असते, आणि हेही परीक्षेत विचारण्यासारखं आहे.

कॅमेऱ्याला पट्टा आणि डांबर यांच्यातला फरक दिसावा लागतो. पट्टे झिजले, त्यांवर बर्फ किंवा पाचोळा साचला, मावळतीचा सूर्य थेट काचेवर आला, रात्रीच्या पावसात समोरच्या दिव्यांचं प्रतिबिंब ओल्या रस्त्यावर पडलं की फरक पुसला जातो आणि यंत्रणा बाजूला होते. बऱ्याच गाड्यांत त्या वेळी काटेफलकावरचं लेनचं हिरवं चिन्ह करडं होतं, बस्स. नजर रस्त्यावर असलेल्या चालकाला ते कळेलच असं नाही.

जर्मनीत याहून बिकट जागा म्हणजे आउटोबानवरची दुरुस्तीची कामं. तिथे तात्पुरत्या लेनसाठी पिवळे पट्टे मारतात आणि जुने पांढरे पट्टे बहुधा तसेच राहतात. नियम असा की पिवळा पट्टा असेल तिथे पांढरा रद्द. माणसाला हे एकदा सांगून समजतं. कॅमेऱ्याला मात्र दोन्ही रेषा दिसतात आणि तो कधी जुनी, जास्त ठसठशीत रेषा धरून बसतो. पिवळ्या पट्ट्यामागे गाडी डावीकडे वळवावी तर स्टिअरिंगला उजवीकडे ओढ लागते, आणि शेजारच्या अरुंद लेनमध्ये ट्रक चाललेला असतो. ओढ हलकी असते, हाताने सहज मोडता येते, पण त्यासाठी हात स्टिअरिंगवर पक्का हवा. कामाच्या टप्प्यात ही यंत्रणा बटणाने बंद करणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं. परीक्षेच्या दृष्टीने लक्षात ठेवायचं ते हे की यंत्रणा चालू असली तरी कोणत्या रेषेला मानायचं हा निर्णय चालकाचाच असतो.

इंडिकेटरचा मुद्दाही इथलाच. इंडिकेटर दिला की यंत्रणा मुद्दाम गप्प बसते, कारण चालक जाणूनबुजून लेन बदलतो आहे असं ती धरून चालते. शेजारच्या लेनमध्ये कोणी आहे का, हे ती पाहतच नाही. ते काम असलंच तर मागच्या बंपरमधल्या रडारच्या वेगळ्या यंत्रणेकडे असतं. आवाज आला नाही म्हणजे लेन मोकळी आहे असा अर्थ काढणारा चालक आरसा आणि खांद्यावरून मागे टाकायची नजर, दोन्ही गमावतो.

क्रूझ कंट्रोलमध्ये नावामुळेच गोंधळ होतो, कारण एकाच नावाखाली दोन निराळी साधनं नांदतात. साधा क्रूझ कंट्रोल ठरवलेला वेग धरतो, एवढंच. पुढे कोण आहे हे त्याला ठाऊक नसतं. बहुतेक गाड्यांत तो ब्रेकही लावत नाही, त्यामुळे लांब उतारावर वेग ठरवल्यापेक्षा वाढू शकतो. निसरड्या, वळणावळणाच्या किंवा गर्दीच्या रस्त्यावर तो वापरू नये, हे उत्तर पाठ केलं तरी चालतं. दुसरा प्रकार अंतर राखणारा. त्यात पुढच्या भागात रडार असतं. पुढची गाडी हळू झाली की ही हळू होते, ती निघून गेली की ही पुन्हा ठरवलेल्या वेगावर जाते. परीक्षेतले बहुतेक डावपेच या दुसऱ्या प्रकाराभोवती रचलेले असतात.

पहिला डाव अंतराचा. जर्मनीत गावाबाहेर पुढच्या गाडीपासून वेगाच्या आकड्याच्या निम्म्या मीटरचं अंतर ठेवायला शिकवतात. ताशी १२० ला ६० मीटर, ८० ला ४० मीटर. वेळेत मोजलं तर हे कोणत्याही वेगाला १.८ सेकंद भरतं. अंतर राखणाऱ्या क्रूझ कंट्रोलला चालक बटणाने जवळचं किंवा लांबचं अंतर ठरवून देतो. कित्येक गाड्यांत सर्वांत जवळचा टप्पा एका सेकंदाच्या आसपास असतो, म्हणजे ताशी १२० ला फक्त ३३ मीटर. यंत्रणा तेही तितक्याच निमूटपणे राखते. ‘अंतर राखणारी यंत्रणा चालू असल्यास अंतराची जबाबदारी चालकावर राहत नाही’ हा पर्याय म्हणून चूक ठरतो. अंतर किती ठेवायचं हे त्या यंत्राला चालकानेच सांगितलेलं असतं.

दुसरा डाव थांबलेल्या गाड्यांचा, आणि तो नीट आकड्यांत मांडून पाहण्याजोगा आहे. एक गाडी ताशी १२० ने चालली आहे, अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल चालू आहे, पुढे ६० मीटरवर त्याच वेगाने एक व्हॅन आहे. पुढे वाहतूक तुंबून गाड्या उभ्या आहेत, पण त्या व्हॅनआड झाकलेल्या आहेत. व्हॅनचा चालक रांग पाहतो आणि ऐन वेळी शेजारच्या लेनमध्ये जातो. मागच्या गाडीसमोर आता ११० मीटर मोकळा रस्ता आणि त्याच्या शेवटी उभी गाडी, एवढंच उरतं.

ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. सावध चालकाला ब्रेकवर यायला एक सेकंद लागतो, तेवढ्यात ३३ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर पूर्ण ताकदीचा ब्रेक दर सेकंदाला सुमारे ८ मीटर प्रतिसेकंद वेग कमी करतो, त्या हिशेबाने थांबायला आणखी सुमारे ७० मीटर. एकूण १०३. गाडी थोडक्यात बचावते. आता क्रूझ कंट्रोलचं पाहावं. त्याला एवढ्या वेगाला जोराचा ब्रेक लावू दिलेला नसतो. प्रवासात सुखाने बसलेल्या माणसाला झटका बसू नये म्हणून त्याची मर्यादा दर सेकंदाला साधारण ३.५ मीटर प्रतिसेकंद ठेवतात. अगदी पहिल्या क्षणाला ब्रेक लागला असं धरलं तरी त्याला थांबायला जवळपास १६० मीटर हवेत. ११० मीटरला गाडी अजून ताशी ६५ च्या वर असते आणि त्याच वेगाने ती आदळते. आणि चालक यंत्रावर विसंबून पाय पसरून बसला असेल, त्याला ब्रेकवर यायला दोन सेकंद लागले असतील, तर पूर्ण ताकदीने ब्रेक दाबूनही धडक ताशी ७० च्या वरच बसते.

यातही ‘पहिल्या क्षणाला’ हे फारच उदार गृहीतक आहे. रडारला समोरच्या वस्तूचा वेग उत्तम कळतो. पण रस्त्याकडेचे फलक, पूल, कठडे, लोखंडी झाकणं या सगळ्यांवरून त्याला उभ्या वस्तूंचे प्रतिध्वनी सतत येत असतात. प्रत्येकासाठी ब्रेक लावला तर गाडी चालवणं अशक्य होईल आणि चालक यंत्रणा कायमची बंद करून टाकेल. म्हणून जास्त वेगाला, आधी हलताना न दिसलेल्या उभ्या वस्तूंकडे अनेक यंत्रणा दुर्लक्ष करतात. रांगेच्या टोकाची उभी गाडी नेमकी त्यात मोडते. नव्या गाड्यांत कॅमेरा आणि रडार मिळून काम करतात, त्यामुळे चूक कमी झाली आहे. आणीबाणीचा ब्रेक ही वेगळी यंत्रणा असते आणि ती जोरात ब्रेक लावते, पण मोठ्या वेगाला ती धडक हलकी करेल, टाळेलच असं नाही. म्हणूनच गाडीसोबतच्या पुस्तिकेत उभ्या वाहनांबद्दलचा इशारा अजूनही छापलेला असतो.

बाकीचे डाव याच घरातले. रडारचा झोत अरुंद असतो. वळणावर पुढची गाडी त्याबाहेर जाते, रस्ता रिकामा समजून यंत्रणा वेग वाढवते आणि वळण संपताच ट्रकचं मागचं अंग समोर येतं. लेनच्या कडेने जाणारी मोटारसायकल झोतातून निसटते. आणि आउटोबानवरून बाहेर पडताना होणारा प्रकार तर हमखास. ठरवलेला वेग १२०, पण ट्रकमागे अडकून गाडी ८० वर आलेली. चालक बाहेरच्या फाट्याला लागतो, ट्रक सरळ निघून जातो, समोर रिकामं दिसताच यंत्रणा ताशी ४०-५० च्या वळणाकडे जाताना १२० गाठायला धावते. फाट्याआधी यंत्रणा बंद करणं, हे उत्तर.

या प्रश्नांच्या पर्यायांना एक ठरावीक बाज असतो. चुकीचे पर्याय यंत्राच्या वतीने हमी देतात: लक्ष ठेवायची गरज नाही, जास्त वेगाने जाता येईल, हात सोडले तरी चालेल. बरोबर पर्याय बहुधा कंटाळवाणे असतात, पण ‘नेहमी’ हा शब्द दिसला की खोडून टाका, ही शिकवणीतली युक्ती इथे बेभरवशाची. ‘चालकाने नेहमी हस्तक्षेपाच्या तयारीत असावं’ हा पर्याय बरोबरच असतो.

जर्मनीत २०१७ पासून कायद्याने एक वेगळा वर्गही मान्य केला आहे. त्यात विशिष्ट परिस्थितीत गाडी स्वतः चालते आणि चालकाला रस्त्यावरून नजर काढता येते, मात्र यंत्राने हाक दिली की ताबा लगेच घ्यावा लागतो. वर सांगितलेली तिन्ही साधनं या वर्गात येत नाहीत. ती चालू असताना जे घडेल त्याला चालक जबाबदार. 

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, आणि लेनची सूचना व अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही मिळतो. पुसट पट्टे, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी आणि रस्त्याकडेचे बुटके दगड पाहता वर सांगितलेल्या मर्यादा इथे जर्मनीपेक्षा जास्त वेळा गाठ घालतात. ज्यांच्या गाडीत ही साधनं आहेत त्यांनी पुस्तिकेतली या यंत्रणांच्या मर्यादांची पानं एकदा वाचावीत. यंत्रणा किती वेगाच्या वर चालते, कोणत्या वस्तू ओळखत नाही आणि बंद पडल्याचं चिन्ह कोणतं, हे तिथे गाडीच्या त्या मॉडेलपुरतं नेमकं लिहिलेलं असतं.